‘पाच’ म्हणजे पाच काय? चिनी भाषेत आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये एक शब्द का लागतो

आदिलाबाद : कापसाच्या हंगामात मार्केट यार्डात उभं राहिलं की एक प्रश्न दिवसभर कानावर पडतो. कुणी म्हणतं, “पाच आणलाय.” समोरचा लगेच विचारतो, “पाच काय?” पाच क्विंटल, पाच गाठी की पाच बोचकी? क्विंटल म्हणजे शंभर किलो, तर रुईची गाठ साधारण 170 किलोची. नुसत्या ‘पाच कापूस’ला यार्डात काही अर्थ नाही. मराठीत नाही, तेलुगूतही नाही. आकडा आणि कापूस यांच्यामध्ये माप यावंच लागतं.

आता अशी भाषा डोळ्यांसमोर आणा, जिथे पुस्तक, खुर्ची, नदी, बैल, डॉक्टर, सगळ्यांशी कापसासारखंच वागावं लागतं. ‘तीन पुस्तकं’ म्हणता येत नाही. ‘तीन’ म्हटलं की भाषाच विचारते, ‘तीन काय?’ आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय ‘पुस्तक’ हा शब्द पुढे येऊ देत नाही. ही भाषा म्हणजे चीनची मंदारिन, जिला आपण सरसकट चिनी म्हणतो.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो भाच्यामुळे. तो ऑनलाइन चिनी शिकतो, आणि फवारणी पंपांचं दुकान असलेल्या एका ओळखीच्या माणसासाठी चीनमधल्या पुरवठादाराला मेसेज लिहून देतो. एका मेसेजात त्याच्याकडून एक छोटा शब्द सुटला आणि तीन महिन्यांची वॉरंटी भलतीकडेच गेली. ती गोष्ट पुढे येईलच. आधी हा शब्द काय काम करतो ते पाहू.

बिलातला ‘एकक’ हा रकाना

मी कॉमर्सवाला, त्यामुळे मला हे बिलावरून समजलं. आपल्या बिलात मालाचं नाव असतं, संख्या असते आणि एककाचा रकाना असतो. जीएसटी रिटर्नमध्ये मालाचा तपशील भरतानाही एककाचा कोड द्यावा लागतो: गाठीसाठी BAL, क्विंटलसाठी QTL, जोडीसाठी PRS, नगासाठी NOS. आपण बोलताना हा रकाना बहुतेक वेळा कोरा सोडतो. चिनी माणसाला बोलतानाही तो कोरा सोडता येत नाही.

पुस्तकाला चिनीत ‘शू’ म्हणतात आणि तीनला ‘सान’. (उच्चार इथे देवनागरीत जमेल तितके जवळचे दिले आहेत. चिनीतले सूर, म्हणजे आवाजाचे चढ-उतार, त्यात दाखवलेले नाहीत.) पण ‘सान शू’ हे बरोबर नाही. म्हणावं लागतं ‘सान पन शू’. यातला मधला ‘पन’ हा पुस्तकं, वह्या, मासिकं अशा बांधीव गोष्टींचा मोजशब्द. म्हणजे साधारण ‘तीन प्रत पुस्तक’.

कापसाला तिकडे ‘म्येनह्वा’ म्हणतात. पाच गाठी कापूस म्हणजे ‘वू पाओ म्येनह्वा’. ‘चिन’ हे त्यांचं अर्ध्या किलोचं माप, तेव्हा ‘वू चिन म्येनह्वा’ म्हणजे अडीच किलो कापूस. इथपर्यंत आपल्याला काहीच नवीन वाटत नाही. नवीन आहे ते पुढे: कापसाच्या आणि पुस्तकाच्या वाक्याचा साचा एकच आहे. आकडा, मग मोजशब्द, मग वस्तू.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. गाठ, क्विंटल, मेथीची जुडी, केळ्यांची फणी, कडब्याची पेंडी हे शब्द किती माल आहे ते सांगतात. जुडी म्हटली की वीस-पंचवीस काड्या एकत्र आल्या. ‘पन’ तसं काही करत नाही. एक पुस्तक हे आधीच एक पुस्तक आहे, ‘पन’मुळे ते वाढत नाही की घटत नाही. मालाचं माप सांगणारे शब्द जगातल्या सगळ्याच भाषांत असतात. ज्याचा नग मुळातच सुटा आहे त्यालाही ‘नग’ असं म्हणून दाखवायला लावणं, ही चिनीची खासियत.

आपल्याकडे हे अगदीच नाही असं नाही

आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे समजायला पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा सोपं जावं, कारण आपण रोज दोन-तीन भाषांत मोजतो.

मराठीत माणसं मोजताना आपण दोघे, तिघे, चौघे म्हणतो आणि मग पाच जण, दहा जण. बैलांना ‘पाच जण’ म्हटलं तर लोक हसतील. म्हणजे ‘जण’ हा फक्त माणसांचा मोजशब्द झाला. तेलुगूत हे आणखी पक्कं आहे. दोन वस्तू असतील तर ‘रेंडु’, दोन माणसं असतील तर ‘इद्दरु’. तीन वस्तू ‘मूडु’, तीन माणसं ‘मुग्गुरु’. आकडा वाढला की ‘मंदि’ येतो: दहा माणसं म्हणजे ‘पदि मंदि’. किती वस्तू असं विचारायचं तर ‘एन्नि’, किती माणसं असं विचारायचं तर ‘एंत मंदि’. आदिलाबादच्या बाजारात वाढलेल्या मराठी पोराला हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी तो चुकत नाही.

भाषेच्या अभ्यासकांचं लक्ष याकडे फार आधी गेलं होतं. आपल्याकडच्या कोलामी भाषेवर 1955 साली पुस्तक लिहिणारे अमेरिकेतले अभ्यासक मरे एमेनो यांनी 1956 साली भारतीय भाषांच्या एकमेकींवरच्या प्रभावाबद्दल एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्यात आकड्यासोबत येणाऱ्या अशा शब्दांची चर्चा आहे. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शेजारी नांदल्या की मोजायच्या सवयीही इकडून तिकडे जातात, असा त्यातला मुद्दा.

पण आपलं आणि चिनीचं अंतर इथंच दिसतं. मराठीत ‘पाच जण आले’ चालतं आणि ‘पाच माणसं आली’ हेही चालतं. ‘सहा नग टॉवेल’ दुकानात चालतं, घरी ‘सहा टॉवेल’. आपल्याकडे हा शब्द ऐच्छिक आहे आणि बहुतेक माणसांपुरता. चिनीत तो सक्तीचा आहे आणि सगळ्या वस्तूंना लागतो.

पैनगंगा, पॅन्ट आणि बातमी एकाच रांगेत

बरं, सगळ्यांना एकच शब्द असता तर प्रश्न मिटला असता. पण वस्तू बदलली की मोजशब्द बदलतो. नेहमीच्या वापरातले म्हटले तरी काही डझन आहेत.

आपल्या जिल्ह्याची हद्द सांगणारी पैनगंगा घ्या. चिनीत ‘एक नदी’ म्हणजे ‘ई थ्याओ हऽ’. ‘ई’ म्हणजे एक, ‘हऽ’ म्हणजे नदी, आणि मधला ‘थ्याओ’ लांब, अरुंद, वळणाऱ्या गोष्टींचा मोजशब्द. रस्त्याला तोच, दोरीला तोच, सापाला आणि माशालाही तोच. पॅन्टलाही ‘थ्याओ’, कारण पाय लांब. इथपर्यंत आकार पाहून अंदाज करता येतो. पण कायद्याच्या कलमालाही ‘थ्याओ’ आणि बातमीलाही ‘थ्याओ’! एक बातमी म्हणजे ‘ई थ्याओ शिनवन’. कलम काय, बातमी काय, यादीतली एकेक ओळ असल्यासारखी मोजायची.

सपाट, पसरलेल्या गोष्टींना ‘चांग’ लागतो. तिकीट, कागद, नकाशा, टेबल, पलंग हे सगळे ‘चांग’वाले. टेबलाला चार पाय असतात, पण मोजताना चिनी भाषा त्याचा वरचा पृष्ठभाग पाहते. हातात धरायच्या गोष्टींना ‘पा’ लागतो: सुरी, छत्री, किल्ली आणि खुर्चीसुद्धा, कारण खुर्ची पाठीला धरून उचलतात. हाच ‘पा’ मूठभर तांदळासाठीही येतो. आपली ‘मूठ’ नांगराची असते आणि धान्याचीही असते, तसंच हे.

म्हणजे मोजशब्द नुसता रकाना भरत नाही. त्या वस्तूची कोणती बाजू मोजणाऱ्याला दिसते आहे, तेही तो सांगून जातो. मात्र नियम कळला म्हणून काम भागत नाही. कोणत्या वस्तूला काय लागतं ते शेवटी पाठच करावं लागतं. मराठीत ‘भिंत’ ती आणि ‘दरवाजा’ तो, हे जसं कारण न विचारता पाठ होतं, तसंच.

कोटणीस आणि सोबती : पाच डॉक्टर कसे मोजायचे?

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. 1938 साली काँग्रेसनं चीनला वैद्यकीय पथक पाठवलं. त्यात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चोळकर आपल्या शेजारच्या नागपूरचे, द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. कोटणीस तिथेच राहिले, चिनी शिकले, आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथेच वारले. चिनी लोक त्यांना ‘कऽ तीह्वा’ या नावानं ओळखतात.

‘पाच भारतीय डॉक्टर’ हे चिनीत कसं म्हणायचं? पाच म्हणजे ‘वू’, भारत ‘इन्तू’, डॉक्टर ‘ईशंग’. तिन्ही शब्द नुसते ओळीनं ठेवले तर वाक्य लंगडं राहतं. ‘वू’च्या पुढे मोजशब्द हवा. तो कोणता, हे कोण बोलतंय आणि कशासाठी, यावर ठरतं.

‘वू गऽ इन्तू ईशंग’ म्हटलं तर बरोबर आहे. ‘गऽ’ हा सगळ्यात साधा मोजशब्द, आपल्या ‘नग’सारखा, पण तिकडे तो माणसांनाही चालतो आणि त्यात अपमान नाही. फक्त त्यात आदरही नाही.

‘वू वेइ इन्तू ईशंग’ म्हटलं की आदर आला. ‘वेइ’चा मूळ अर्थ जागा, स्थान. पाहुणे, शिक्षक, डॉक्टर, वडीलधारे यांना हा लागतो. हॉटेलात शिरल्यावर तिथला माणूस विचारतो, ‘ची वेइ?’, म्हणजे आपल्या भाषेत ‘किती जण आहात?’ कोटणिसांबद्दल बोलायचं तर हाच शब्द शोभेल. मात्र शिष्टाचार असा की स्वतःला मोजताना ‘वेइ’ लावायचा नाही. ‘आम्ही तीन मान्यवर आलो’ असं आपणही म्हणत नाही.

‘वू मिंग इन्तू ईशंग’ म्हटलं तर बातमीची भाषा झाली. ‘मिंग’ म्हणजे नाव. यादीत, सरकारी कागदात, वृत्तात माणसं अशी मोजतात. आपण ‘अपघातात तीन जण जखमी’ लिहितो तेव्हा जो कोरडेपणा असतो, तो या शब्दात आहे.

आणि ‘खोउ’ लावला तर? ‘खोउ’ म्हणजे तोंड. घरातली माणसं मोजायला हा शब्द आहे. ‘तुमच्या घरी किती माणसं?’ हे विचारताना ‘नी च्या योउ ची खोउ रन?’ म्हणतात, शब्दशः ‘किती तोंडं माणूस’. आपल्याकडेही बाई सांगतेच ना, “घरात सहा खाणारी तोंडं आहेत.” पण एका घरात न राहणाऱ्या पाच डॉक्टरांना ‘खोउ’ लावणं चुकीचं ठरेल.

डॉक्टर तेच पाच. मधला शब्द बदलला की त्यांच्याकडे पाहणारा बदलतो.

मधला शब्द सुटला, वॉरंटी मार्चमध्ये गेली

आता भाच्याची गोष्ट. दुकानदाराला बॅटरीवर तीन महिन्यांची वॉरंटी हवी होती. भाच्यानं लिहिलं, ‘वॉरंटी सान युए’. ‘युए’ म्हणजे महिना, ‘सान’ म्हणजे तीन. मराठीच्या हिशेबानं काही चुकलं नाही. उत्तर आलं, ‘कोणत्या वर्षाचा मार्च?’

चिनीत महिन्यांना वेगळी नावं नाहीत, आकडे आहेत. जानेवारी ‘ई युए’, म्हणजे एक-महिना. मार्च ‘सान युए’. आकडा थेट ‘युए’ला चिकटला की ते महिन्याचं नाव होतं. तीन महिने मोजायचे असतील तर मध्ये ‘गऽ’ घालावा लागतो: ‘सान गऽ युए’. फेब्रुवारी आणि दोन महिने यांत तर दुहेरी फरक आहे. फेब्रुवारी म्हणजे ‘अर युए’, दोन महिने म्हणजे ‘ल्यांग गऽ युए’, कारण मोजशब्दाच्या आधी दोनसाठी ‘अर’ न वापरता ‘ल्यांग’ वापरतात.

“मामा, एका ‘गऽ’नं घोळ केला,” भाचा म्हणाला. पुरवठादारानं विचारलं म्हणून बरं. त्यानं आपल्या मनानंच ‘मार्चपर्यंत’ असा अर्थ लावला असता आणि पंप फेब्रुवारीत विकले गेले असते, तर दुकानदाराच्या हाती जेमतेम महिन्याची वॉरंटी राहिली असती.

अशी चूक ओळखायची खूण सोपी आहे. महिन्यांचा कालावधी लिहिला असेल तर आकड्याच्या आणि महिन्याच्या चिन्हाच्या मध्ये आणखी एक चिन्ह असायला हवं. नसेल, तर समोरचा ती तारीख म्हणून वाचणार.

गंमत म्हणजे दिवस आणि वर्ष यांना हे लागत नाही. तीन दिवस म्हणजे ‘सान थ्येन’, तीन वर्षं म्हणजे ‘सान न्येन’. कारण ‘थ्येन’ आणि ‘न्येन’ हे स्वतःच मोजशब्द आहेत. किलोला आपण ‘तीन नग किलो’ म्हणत नाही, तसंच.

पण मधेच का?

आता मूळ प्रश्न: हा शब्द आकडा आणि वस्तू यांच्या मधेच का बसतो?

पहिलं कारण असं की तो खरं तर आकड्याचा जोडीदार आहे. ‘तीन नवी पुस्तकं’ म्हणजे ‘सान पन शिन शू’. ‘शिन’ म्हणजे नवं. हे विशेषण ‘पन’च्या पुढे, पुस्तकाला लागून बसलं, ‘सान’ आणि ‘पन’ एकत्रच राहिले. आणखी एक पुरावा: दुकानात कोणती वस्तू ते आधीच ठाऊक असेल तर नुसतं ‘सान पन’ म्हटलं तरी चालतं. पुस्तक हा शब्द गाळता येतो, ‘पन’ गाळता येत नाही. आपणही यार्डात ‘पाच क्विंटल’ एवढंच म्हणतो, कापूस समोरच असतो.

दुसरं कारण इतिहासातलं. फार जुन्या चिनीत मालाचं नाव आधी यायचं आणि आकडा-मोजशब्द मागून: ‘घोडे तीन नग’ अशा क्रमानं. हा अगदी आपल्या बिलाचा क्रम झाला. पुढे शतकांच्या ओघात ही जोडी उचलून नावाच्या आधी आली आणि ‘सान फी मा’, म्हणजे ‘तीन नग घोडा’, हा आजचा साचा पक्का झाला. ‘फी’ हा घोड्यांचा मोजशब्द, ‘मा’ म्हणजे घोडा. सामानाच्या याद्यांमध्ये जुना क्रम आजही सापडतो.

सक्ती कशामुळे, याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर असं: मराठीत पुस्तक-पुस्तकं असा फरक होतो, म्हणजे ‘एक नग’ ही कल्पना शब्दातच भरलेली आहे. चिनीत ‘शू’ एकाला तेच, हजाराला तेच. तो शब्द एका पुस्तकाचं नाव नाही. ‘कापूस’ जसा सगळ्या कापसाचा, तसा ‘शू’ सगळ्या पुस्तकपणाचा. त्यातून नग वेगळा काढायला मोजशब्द लागतो.

हे उत्तर पटतं, पण पुरतं नाही. जुन्या चिनीतही अनेकवचन नव्हतं, तरी तिथे आकडा सरळ वस्तूला लागायचा. म्हणजे अनेकवचन नसणं हे कारण असलं तरी एकमेव नाही. सवय पक्की होत होत तिचा नियम झाला, हेही तितकंच खरं. त्या जुन्या पद्धतीच्या खुणा आज म्हणींमध्ये दिसतात, आणि आमच्या धंद्यातही. चिनी बातम्यांच्या मथळ्यांत ‘3 माणूस जखमी’ असं मोजशब्दाशिवाय लिहिलेलं सर्रास दिसतं. मथळ्यात जागा कमी, म्हणून जुना नियम कामाला येतो. खाली बातमीत मात्र बहुतेक वेळा ‘मिंग’ परत येतो.

नवशिक्यांसाठी एक पळवाट आहे. योग्य शब्द आठवला नाही तर ‘गऽ’ लावायचा. ‘सान गऽ शू’ म्हटलं तर समोरचा समजून घेतो, फक्त लहान मूल बोलल्यासारखं वाटतं. पण काहीच न लावता पुढे जाणं मात्र नको. चुकीचं एकक लिहिलेलं बिल दुरुस्त करता येतं; रकाना कोरा राहिला तर यार्डातल्यासारखंच समोरचा विचारणार, पाच काय?

भाच्यानं आता मोबाइलवर एक यादी केली आहे. डावीकडे वस्तू, उजवीकडे तिचा मोजशब्द. सगळ्यात वर लिहिलंय : महिना – गऽ.